राइल्स ट्यूबच्या चेकलिस्टला ९ एक्स्पर्ट मिळालेत, सह्या घेऊन मोकळं व्हावं की डेल्फी करावं?

आरटी_फीडवाली: एमएस्सी नर्सिंग सेकंड इयर, सोलापूर. बीएस्सीच्या पोरींचं राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालणं आणि फीड देणं तपासायला २४ आयटमची चेकलिस्ट बनवलीय. गाइड मॅडम म्हणतात ९ एक्स्पर्टकडून व्हॅलिडिटी सर्टिफिकेटवर सही घे, झालं. सीनिअर म्हणते डेल्फीच्या राउंड घे, म्हणजे त्याच एक्स्पर्टना नावं न दाखवता परत परत मार्क विचार, नाहीतर व्हायवाला सोलतील. नेमकं काय करू?

जुनी_ट्यूटर: सह्या म्हणजे व्हॅलिडिटी नव्हे गं. सहीवरून फक्त एवढं कळतं की कागद त्यांच्या टेबलावर पोचला होता. मी माझाच किस्सा सांगते, माझं टूलपण राइल्स ट्यूबचंच होतं आणि माझेपण ९ जण होते, म्हणून तुला लागू पडेल.

प्रत्येक आयटमला १ ते ४ मार्क द्यायचे, ४ म्हणजे अगदी पाहिजेच, १ म्हणजे काढून टाका. ३ आणि ४ देणारे मोजायचे आणि एकूण माणसांनी भागायचं, हा त्या आयटमचा सीव्हीआय. आता माझा १४ नंबरचा आयटम बघ, "सिरिंजने हवा टाकून पोटावर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकते". त्याला ९ पैकी ८ जणांनी ३ किंवा ४ दिले, म्हणजे ०.८९. लागतात ०.७८. आयटम पास, झकास! ह्या आकड्यावर थांबले असते तर तो तसाच छापला गेला असता.

पण नवव्या मॅडमनी १ दिला होता आणि खाली कॉमेंट लिहिली होती, की नळी फुफ्फुसात गेली असली तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येतो, ह्या टेस्टवर विसंबून फीड चालू करणं धोक्याचं आहे. आणि ते खरंच आहे, ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने २००५ मध्येच सांगितलं होतं की ही पद्धत वापरू नका, अ‍ॅस्पिरेट काढून पीएच बघा, ५.५ किंवा खाली पाहिजे, नाहीतर एक्स-रे. बाकीचे ८ जण काही अडाणी नव्हते, ते २०-२० वर्षं वॉर्डात तेच करत आले आणि तेच शिकवत आले, म्हणून हात आपोआप ४ वर गेला.

दुसऱ्या राउंडला मी प्रत्येकाला तीन गोष्टी पाठवल्या: त्याचा स्वतःचा पहिला मार्क, ग्रुपचा मधला मार्क, आणि सगळ्या कॉमेंट, पण नाव कुणाचंच नाही. तोच आयटम ८ वरून ३ वर आला. त्याच्या जागी पीएचचा आयटम घातला आणि तिसऱ्या राउंडला त्याला ९ पैकी ९ मिळाले. डेल्फीमध्ये हे कॉमेंट परत फिरवणं हाच जीव आहे, बाकी सगळा गुणाकार-भागाकार.

सातरस्ता_सर: मॅडम, किस्सा चांगलाय पण निष्कर्ष उलटा काढताय तुम्ही. ज्या गोष्टीला पुरावा आहे तिच्यावर मतदान घ्यायचंच कशाला? हवा टाकून ऐकणं चूक, हे लिटरेचर वाचून पहिल्याच ड्राफ्टमध्ये कळायला पाहिजे होतं. ती नववी मॅडम त्या दिवशी रजेवर असती तर तुमचा डेल्फी ८ पैकी ८ चा दाखला देऊन मोकळा झाला असता. एकमत म्हणजे खरं नव्हे. मास्टर्सच्या पोरांना मी सांगतो, आधी पुराव्यावरून आयटम बनवा, मग एकदाच सीव्हीआय काढा, कॉमेंटप्रमाणे दुरुस्ती करा, संपलं. दोन-तीन राउंडची नाटकं पीएचडीला ठेवा.

जुनी_ट्यूटर: सर, अर्धं पटलं. माझा ड्राफ्ट कच्चा होता हे मान्यच. पण २४ आयटमपैकी पुराव्यावर उभे असे किती असतात? फीडच्या आधी नातेवाइकांना समजावून सांगणं ही क्रिटिकल स्टेप धरायची की साधी? पोरगी ती विसरली तर नापास करायची की एक मार्क कापायचा? ह्याला कुठला ट्रायल सापडणार? तिथं शिकवणाऱ्यांचं मतच घ्यावं लागतं आणि मत घ्यायचंच तर नीट घ्या.

शेंगाचटणी: डेल्फी म्हणजे सगळ्या एक्स्पर्टना एका हॉलमध्ये बसवून आयटम वाचून चर्चा करतात तेच ना? आमच्याकडे केलं होतं, चहा-नाश्त्यासकट २ तासात उरकलं, सगळे आयटम एकमताने पास.

जुनी_ट्यूटर: नाही हो, ती मीटिंग झाली. समोरासमोर करायच्या पद्धतीपण आहेत, पण त्यातसुद्धा आधी प्रत्येकाने गुपचूप लिहायचं असतं. डेल्फीत एकमेकाला कोण काय म्हणालं ते कळताच कामा नये. १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशनवाल्यांनी ही पद्धत काढली ती ह्याच कारणासाठी, मोठा माणूस बोलला की बाकीचे मान डोलावतात म्हणून. त्यांचा छापून आलेला पहिला प्रयोग तर अणुबॉम्ब किती लागतील ह्या अंदाजाचा होता, आणि आपण बसलोय फीडच्या चेकलिस्टला घेऊन 😄

वॉर्ड_नंबर_७: मान डोलावण्यावरून आठवलं. माझ्या वेळी कॉलेजचं नाव नको, पण माझ्या ५ एक्स्पर्टपैकी ४ एकाच डिपार्टमेंटचे. मी येडी, टूल व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकलं. एचओडी मॅडमनी पहिला मेसेज टाकला "ऑल आयटम्स रेलेव्हंट", आणि पुढच्या १० मिनिटात खाली चार अंगठे. त्यात गड्ड्याची जत्रा चालू, कुणाला वाचायला वेळ कुठला. नंतर पायलट घेतला तर ६ नंबरचा आयटम कुठल्याच दोन ऑब्झर्व्हरना सारखा भरता येईना. आयटम असा होता, "हात धुऊन ग्लोव्हज घालून पेशंटला पोझिशन देते". पोरीने हात धुतले, पोझिशन दिली, पण ग्लोव्हज विसरली. हो लिहायचं की नाही? पाच जणांतल्या एकालाही दिसलं नाही ते.

जुनी_ट्यूटर: हे फार कामाचं सांगितलंस. एका आयटममध्ये तीन कामं कोंबली की असंच होतं. आयटमला मार्क कमी पडले तर लगेच काढून टाकू नये त्याचं कारण पण हेच, मार्क दोन कारणांनी कमी पडतो, एकतर गोष्टच नको असते नाहीतर गोष्ट पाहिजे असते पण वाक्य गंडलेलं असतं. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. म्हणून फॉर्ममध्ये १ किंवा २ दिला की कॉमेंट कंपल्सरी ठेवायची, त्याशिवाय फॉर्म सबमिटच होऊ द्यायचा नाही.

मी_पण_एमएस्सी: पण क्रॉनबॅक अल्फा ०.७ च्या वर आला की टूल व्हॅलिड होतं ना? आमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांनी तेवढंच सांगितलंय, मग एक्स्पर्ट कशाला?

आकडेमोड: ०.७ चा आकडा बरोबर, काम वेगळं. अल्फा सांगतो की आयटम एकमेकांना धरून चालतात. चुकीच्या गोष्टीपण एकमेकांना धरून चालू शकतात, १४ नंबरचा आयटम आत ठेवून सुद्धा अल्फा मस्त आला असता. आणि हो/नाही वाल्या स्किल चेकलिस्टला खरं तर दोन ऑब्झर्व्हर एकाच पोरीला सारखे मार्क देतात का ते बघायला पाहिजे, वॉर्ड नंबर ७ ताईंची अडचण तीच होती.

आरटी फीडवाली, तुझ्यासाठी एक गोष्ट, कारण ह्यात बरेच जण अडकतात. ०.७८ हा आकडा सगळीकडे तसाच चालत नाही. ९ जण असले तर ७ हो म्हणाले की ०.७८, चाललं. दुसऱ्या राउंडला एक जण गळाला, ८ उरले, तर ६ जणांचे ०.७५ होतात, म्हणजे आता ७ पाहिजेत. आणि ५ किंवा कमी एक्स्पर्ट असतील तर सगळ्यांनी हो म्हणायला पाहिजे, एकजण जरी नाही म्हणाला तरी आयटम पडला. म्हणून कुणी ५ वरच भागवलं असेल आणि आयटम ०.८० ला पास दाखवला असेल तर व्हायवाला पहिला प्रश्न तिथंच येतो.

सातरस्ता_सर: गळतीचा विषय निघाला तर माझा खरा आक्षेप तोच आहे बघा. तिसऱ्या राउंडपर्यंत कोण टिकतं? ज्याचं मत ग्रुपशी जुळतं तो. ज्याला प्रत्येक फॉर्मबरोबर "ग्रुपचा मधला मार्क ४, तुमचा १" असं दाखवलं जातं तो एकतर वैतागून ४ करून टाकतो नाहीतर रिप्लायच देत नाही. मग तुमचा एकमताचा टक्का वाढत जातो आणि तुम्ही खूश. मी एक थीसिस तपासला होता, पहिल्या राउंडला १२ जण, तिसऱ्याला ७, आणि जे ५ गेले त्यांनीच सगळ्यात जास्त १ आणि २ दिलेले. विद्यार्थ्याला पत्ताच नव्हता, त्याने फक्त शेवटचा टक्का छापला होता. हे एकमत नाही, ही थकवून काढलेली सही.

जुनी_ट्यूटर: ह्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही सर. माझ्याकडे ९ चे ९ टिकले कारण प्रत्येकाला दोन-दोनदा फोन केले, आणि त्यात सगळे ओळखीचे, गावातलेच. ओळखीचे असणं हा परत वेगळा घोळ. एवढं मात्र करता येतं, गळालेल्यांचे पहिल्या राउंडचे मार्क वेगळे काढून टिकलेल्यांच्या शेजारी ठेवायचे. फरक दिसला तर तसं लिहायचं. आणि नुसता टक्का न बघता किती जणांनी दोन राउंडमध्ये मत बदललं ते बघायचं. कॉमेंट नवी आली नसताना मार्क सरकले असतील तर ते पटलेलं नसतं, दबलेलं असतं.

शेंगाचटणी: पण पीएचचे स्ट्रिप वॉर्डात असतात कुठं? पोरगी परीक्षेत पीएच बघणार आणि ड्युटीवर परत हवाच टाकणार.

वॉर्ड_नंबर_७: +१. आणि अँटासिडवर असलेल्या पेशंटचा पीएच तसाही वर जातो, मग एक्स-रेची वाट बघत बसा, नातेवाईक विचारतात सिस्टर जेवण कधी देणार.

आरटी_फीडवाली: बापरे, माझ्या चेकलिस्टमध्ये ११ नंबरला हवा टाकून ऐकणंच आहे 🙈 आत्ता बघितलं. गाइड मॅडमनी पण काही म्हटलं नव्हतं. मग मी तो स्वतःच काढून पीएच टाकू आणि मग पॅनेलला पाठवू, की तसाच पाठवून कोण पकडतं ते बघू? आणि सबमिशनला ४ महिने आहेत, किती राउंड बसतील?

सातरस्ता_सर: स्वतः काढ. चूक माहीत असताना पॅनेलची परीक्षा घेत बसू नको, ते एक्स्पर्ट आहेत, तुझे सब्जेक्ट नाहीत. एक राउंड, नीट दुरुस्ती, बास.

जुनी_ट्यूटर: काढ ह्याला माझं पण हो. फक्त पीएचच्या आयटमखाली कॉमेंटची जागा ठेव, वॉर्डात स्ट्रिप नसेल तर काय शिकवायचं हे पॅनेलकडूनच येऊ दे. दोन राउंड बसतात, एका राउंडला रिमाइंडरसकट ३ आठवडे धर. आणि पास व्हायचा आकडा पहिला फॉर्म जाण्याआधी सिनॉप्सिसमध्ये लिहून टाक. रिझल्ट बघून ०.७८ चा ०.७० करणारे मी पाहिलेत.

आकडेमोड: ९ च्या जागी ११ जणांना विचार, दोघं गळाले तरी ९ राहतील. आणि सगळे सोलापुरातले नकोत, दोघं-तिघं बाहेरचे घे, शिवाय एखादी वॉर्डातली सीनिअर सिस्टर घे जिने नळ्या घातल्यात, नुसत्या शिकवल्या नाहीत.

आरटी_फीडवाली: गाइड मॅडमना कसं सांगू पण, त्यांनी सर्टिफिकेटचा नमुनापण टाइप करून ठेवलाय.

वॉर्ड_नंबर_७: सर्टिफिकेट घे की, ते तसंही जोडावंच लागतं. फक्त शेवटच्या राउंडनंतर घे. आणि व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नकोस बाई.