प्रतिसाद: कार्ड साठवत नसलो तरी जबाबदारी का येते?

«कार्ड नंबर आम्ही डेटाबेसमध्ये ठेवतच नाही, मग पेमेंट गेटवेच कार्डचे तपशील घेतो ते होस्टेड चेकआउट कशाला?»

साठवणं हा एकच निकष नाही. नंबर तुमच्या सर्व्हरवरून नुसता पुढे गेला तरी तो सर्व्हर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाच्या कक्षेत येतो आणि एसएक्यू डी ही सगळ्यात लांबलचक स्व-मूल्यांकन प्रश्नावली गळ्यात पडते. गळतीही नकळत होते: कुणीतरी डीबगसाठी `req.body` लॉग करतं आणि सीव्हीव्हीसकट पूर्ण नंबर लॉगमध्ये, तिथून बॅकअपमध्ये जातो.

फॉर्म तुमचा, पण जावास्क्रिप्ट नंबर थेट गेटवेला पाठवते, असं असेल तर एसएक्यू ए-ईपी ही प्रश्नावली भरावी लागते. कारण पानात घुसलेली परकी स्क्रिप्ट टाइप होणारे आकडे वाचू शकते.

ग्राहकाला गेटवेच्या पानावर रीडायरेक्ट केलं की बहुतेकदा छोटी एसएक्यू ए पुरते. गेटवेचा आयफ्रेम वापरलात तरी तीच. मात्र आयफ्रेम असेल तर 2025 पासून साइट स्क्रिप्ट-हल्ल्यांपासून सुरक्षित असल्याची खात्री द्यावी लागते. म्हणून माझं मत रीडायरेक्टला.

तरी सर्व्हर पॅच करत राहा. हल्लेखोराने रीडायरेक्टचा पत्ता बदलला, तर ग्राहक बनावट पानावर कार्ड भरेल. आणि ऑर्डर ‘यशस्वी’ पानावरून नव्हे, गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट पाठवतो त्या, सही तपासलेल्या वेबहुक संदेशावरूनच पक्की करा.