मदत हवी आहे: एक दिवसाच्या कॉन्फरन्सची फी आणि अर्ली बर्डची तारीख

फिजिओ_नाशिक: डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमची कॉन्फरन्स आहे, ब्रोशर उद्या प्रिंटला जायचंय. अर्ली बर्ड १२००, नंतर १५००, स्टुडंट ६००, असं ठरतंय. अर्ली बर्ड ३१ ऑक्टोबरपर्यंत ठेवू का? लवकर सांगा.

माधवीताई: खर्च किती, माणसं किती, स्पॉन्सर आहेत का? त्याशिवाय काय सांगणार?

फिजिओ_नाशिक: हॉल, साउंड, स्पीकरचं येणं-जाणं, राहणं मिळून १,८०,०००. जेवण, चहा, किट माणशी ७००. साधारण १५० जण, त्यात स्टुडंट ४०. स्पॉन्सरचे ६० हजार नक्की.

करसल्ला: त्यावर १८% जीएसटी लावा, विसरू नका.

माधवीताई: सरसकट नाही हो. संस्थेची नोंदणी नसेल आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर लावायचा नाही. नोंदणी असेल तर मात्र ब्रोशरवरच जीएसटीसकट आकडा छापा.

आता फीचं बघू. स्टुडंटमागे ६०० घेऊन ७०० खर्च, म्हणजे प्रत्येकामागे १०० खिशातून. ८० जण अर्ली बर्डमध्ये आले तर खर्च जाऊन ४०,००० सुटतात, उरलेल्या ३० जणांचे २४,०००, स्टुडंटचे वजा ४,०००. हातात ६०,००० आणि स्पॉन्सरचे ६०,०००. तरी ६० हजारांचा खड्डा! त्यापेक्षा १८००, २२०० आणि स्टुडंट ८०० ठेवा, तेवढ्याच माणसांत १,३७,००० सुटतात, स्पॉन्सर धरून १,९७,०००. त्यातून गेटवेचं कमिशन जाईलच. स्टुडंटला बोनाफाइड मागा.

सांगलीकर_पीटी: १८०० कोण देणार? आमच्याकडे १००० वर गेलं की निम्मे गळतात. तारीखबिरीख नको, पहिल्या ५० जागा स्वस्त ठेवा, दोन दिवसांत भरतात.

माधवीताई: भरतात, पण त्या तुमच्याच गावच्या ग्रुपवर. बाहेरगावच्याला कळेपर्यंत संपलेल्या असतात.

रुपाली_के: मी एका कॉन्फरन्सचे पैसे भरले होते, जाता आलं नाही, रिफंड अजून नाही. कुठे तक्रार करायची?

माधवीताई: रुपाली, वेगळा धागा काढ. पण फिजिओ_नाशिक, रिफंडची शेवटची तारीख ब्रोशरवर टाकाच. पेपर, पोस्टर मागवलेत का?

फिजिओ_नाशिक: हो, निकाल ५ नोव्हेंबरला लावणार.

माधवीताई: मग ३१ ऑक्टोबर चालणारच नाही. पोस्टर पाठवणारा, आपलं पोस्टर निवडलं की नाही हे कळल्याशिवाय पैसे भरत नाही, आणि कळेपर्यंत फी वाढलेली. मग फोन सुरू होतात आणि शेवटी तुम्ही तारीख वाढवता. एकदा वाढवलीत की पुढच्या वर्षी कुणी वेळेत भरत नाही. १२ नोव्हेंबर ठेवा, पगारही झालेले असतात. ऑनलाइन नोंदणी मात्र केटररला ताटांचा आकडा द्यायच्या आदल्या दिवशी बंद. स्पॉट २६००, किटची हमी नाही.

सांगलीकर_पीटी: १२ ठीक. १८०० मला अजूनही जास्तच वाटतात, एखादा स्पॉन्सर वाढवा की.

फिजिओ_नाशिक: १२ नोव्हेंबर फायनल. १८०० कमिटी मान्य करेल का बघतो, आज रात्री मीटिंग आहे. चौघांनी एकत्र भरले तर सूट द्यायची का?