बँकेचं सेशन पाच मिनिटांत संपतं: दोष बँकेचा, की आपल्याच ब्राउझरचा?

अबोली
बँकेच्या साइटवर नवीन खातं जोडायला बसले की फॉर्म अर्धा भरून होईपर्यंत 'तुमचे सेशन संपले आहे' येतं. परत लॉगिन, परत ओटीपी. त्यात रोज सकाळी ब्राउझर उघडला की बँक म्हणते हे नवीन उपकरण आहे, ओळख पटवा. फायरफॉक्स बंद करताना कुकीज पुसायची सेटिंग मी मुद्दाम चालू ठेवली आहे. ती काढली तर दोन्ही त्रास जातील का? आणि पाच मिनिटांत बाहेर काढणं तुम्हाला पटतं का?

शाईपेन
एक जाईल, एक राहील. पाच मिनिटांचं घड्याळ बँकेच्या सर्व्हरवर चालतं. तुमच्या ब्राउझरमधल्या कुठल्याही सेटिंगचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नाही. सकाळचा 'नवीन उपकरण'वाला त्रास मात्र बहुतेक कुकीज पुसल्यामुळेच आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवून सेटिंग बदलू नका, आधी तपासून बघा.

लॉगिन करा, नीट लॉगआउट करा, फक्त तो टॅब बंद करा. ब्राउझर चालूच ठेवा. नव्या टॅबमध्ये परत लॉगिन करा. आता बँकेने उपकरण ओळखलं आणि पूर्ण ब्राउझर बंद करून उघडल्यावर ओळखलं नाही, तर कुकी बाहेर पडतानाच पुसली जाते हे नक्की. आणखी खात्री हवी असेल तर बँकेचं पान उघडं असताना Shift+F9 दाबा. खाली कुकीजची यादी येते, तिच्यात Expires / Max-Age असा रकाना आहे. लॉगिनच्या कुकीपुढे बहुधा Session लिहिलेलं असेल, ती तशीही टिकण्यासाठी नसते. उपकरण ओळखणाऱ्या कुकीपुढे पुढची, कधी कधी कित्येक महिन्यांनंतरची तारीख असते. ती कुकी रोज रात्री पुसली गेली तर बँकेच्या दृष्टीने तुम्ही रोज नव्या.

मोरपीस
पण कुकीज पुसल्या की सेव्ह केलेले पासवर्डही जातात ना? माझे गेले होते. म्हणून मी ती सेटिंग कायमची बंद केली आणि दर मिनिटाला पान आपोआप रिफ्रेश करणारं एक्स्टेन्शन टाकलंय. सेशन संपायचं नाव घेत नाही. अबोलीताई, तुम्हीही तेच करा, एका दगडात दोन पक्षी.

शाईपेन
नाही मोरपीस, पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये असतात. फायरफॉक्सच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये बघा: कुकीज cookies.sqlite मध्ये, पासवर्ड logins.json मध्ये. कुकीज पुसून पासवर्ड जात नाहीत. आपण साइटवरून बाहेर फेकले जातो, लॉगिनचं पान समोर येतं, आणि 'सेव्ह केलेलं लॉगिन गेलं' असं वाटतं. तुमचे खरंच गेले असतील तर पुसणारं दुसरं काहीतरी होतं. संगणक 'साफ' करून देणारे प्रोग्राम असं करतात.

एक्स्टेन्शनबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो, बँकेच्या पानावर ते वापरू नका. प्रत्येक पान वाचायची परवानगी घेतलेला परका कोड तुम्ही खात्याच्या शेजारी बसवलाय. शिवाय फॉर्म भरताना पान रिफ्रेश झालं तर भरलेलं जातं ते जातंच.

कडेकपार
मी उलट बाजूने बोलतो. पाच मिनिटं मला पटतात. मी अनेक वर्षं सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकांची देखभाल केली. लोक टॅब बंद करून उठतात आणि समजतात की आपण बाहेर पडलो. टॅब बंद केल्याचं सर्व्हरला बहुधा कळतही नाही, त्याच्या लेखी तुम्ही अजून आतच असता. एकदा खुर्चीत बसलो, ब्राउझरमध्ये 'बंद केलेला टॅब परत उघडा' केलं, तर समोर कुणाचं तरी खातं, शिल्लक रकमेसकट. ती व्यक्ती तेव्हा दारातून बाहेर पडत होती. मी धावत जाऊन तिला परत बोलावलं. अर्ध्या तासाची मुदत असती आणि माझ्याआधी दुसरा कुणी तिथे बसला असता तर? लॉगआउटचं बटण न दाबणाऱ्यांसाठी ही मुदत आहे, आणि न दाबणारे फार आहेत.

आणि हा बँकांचा लहरीपणाही नाही. युरोपीय संघात तर २०१८ च्या नियमाने ऑनलाइन खात्यात निष्क्रिय राहण्याची कमाल मर्यादाच ५ मिनिटं ठरवून दिली आहे.

निवांत
माझाही हाच अनुभव. मोबाइलवरचं बँकेचं ॲप दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन आलं की पिन मागतं. त्याला कुकीज कुठून पुसायच्या?

शाईपेन
निवांत, तो वेगळा विषय. ॲप मागे गेल्यावर कुलूप लावायचं हे ॲप स्वतःच ठरवतं, तिथे ब्राउझरच्या कुकीजचा संबंध नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये सोय दिली असेल तर असेल.

सांजवात
कडेकपार, तुमची वाचनालयातली गोष्ट वाचून काटा आला. तरीही माझं मत वेगळं आहे, आणि ते माझ्या रोजच्या जगण्यातून आलंय. मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडरवर काम करते. खाते क्रमांक भरल्यावर मी तो आकडा-आकडा परत ऐकते, कारण एक आकडा चुकला तर पैसे भलतीकडे जातील. मग शाखेचा कोड, मग नाव, मग तेच सगळं दुसऱ्यांदा. मी त्या पाच मिनिटांत एक क्षणही रिकामी बसलेली नसते. तरी मला 'निष्क्रिय' म्हणून बाहेर काढतात.

कारण सर्व्हरला माझं टाइप करणं दिसतच नाही. फॉर्म भरत असताना सगळं माझ्याच संगणकावर चाललेलं असतं, 'पुढे' दाबेपर्यंत सर्व्हरकडे एक अक्षरही जात नाही. त्याच्यासाठी कळा बडवणारी मी आणि उठून गेलेला माणूस सारखेच. हे दुरुस्त करणं अवघड नाही. पानाने दर मिनिटाला सर्व्हरला एवढंच कळवायचं की इथे कळा दाबल्या जात आहेत. काही साइट हे करतात.

सुलभतेच्या मानकात, म्हणजे WCAG च्या 2.2.1 मध्ये, यावर साधा मार्ग आहे: वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि एखादी कळ दाबून मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्या. माझ्या बँकेत सूचना येते, पण फक्त रंगीत पट्टीत. स्क्रीन रीडर ती वाचत नाही. मला कळतं ते थेट बाहेर फेकल्यावर.

कडेकपार
सांजवात, हे मला ठाऊक नव्हतं, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. सूचना ऐकू आलीच पाहिजे, फॉर्म भरणाऱ्याला निष्क्रिय समजता कामा नये, दोन्ही मान्य. पण उठून गेलेल्या माणसासाठी मुदत पाचच मिनिटं असावी, यावर मी ठाम आहे.

अबोली
शाईपेन म्हणाले तसं करून पाहिलं. टॅब बंद करून उघडला तर बँकेने ओळखलं, ब्राउझर बंद करून उघडला तर नाही. म्हणजे कुकीच. पण आता वेगळीच अडचण. Settings मध्ये Privacy & Security खाली 'Delete cookies and site data when Firefox is closed' वर टिक आहे, पण ती राखाडी झाली आहे. काढताच येत नाही.

शाईपेन
मग त्याच पानावर History चा भाग बघा. तिथे 'Never remember history' निवडलेलं असणार. त्याचा अर्थ इतिहास न ठेवणं एवढाच नाही. तो निवडला की फायरफॉक्स कायम खाजगी खिडकीसारखा चालतो, कुकीज बंद करताना जातातच, म्हणून ती टिक अडकून बसते. तिथे 'Remember history' करा. ब्राउझर पुन्हा सुरू करायला सांगेल, करा.

आता टिक मोकळी होईल. पण ती काढू नका! बाकी साइटच्या कुकीज रोज पुसल्या जाणं चांगलंच आहे. शेजारच्या 'Manage Exceptions…' मध्ये बँकेचा पत्ता https:// सकट टाका, Allow दाबा, आणि शेवटी Save Changes दाबायला विसरू नका. ते न दाबता खिडकी बंद केली तर काहीच साठत नाही, आणि लोक इथेच चुकतात.

दुसरी चूक पत्त्याची. काही बँकांचं मुख्य पान एका पत्त्यावर आणि लॉगिन भलत्याच पत्त्यावर असतं, समजा https://bank.example आणि https://login.example. पासवर्ड टाकायच्या क्षणी वरच्या पट्टीत जे दिसतं ते यादीत हवं. फक्त जाहिरातींचं पान टाकलंत तर काही उपयोग नाही.

क्रोमवाल्यांसाठी: chrome://settings/content/siteData या पत्त्यावर तशीच सोय आहे. खिडक्या बंद करताना सगळं पुसायचं आणि ठरावीक साइटना सूट द्यायची.

मोरपीस
एक्स्टेन्शन काढलं. पण एक विचारतो. सुरक्षा एवढी हवी तर बँकेच्याच कुकीला सूट देणं धोक्याचं नाही का? कुणी ती फाइल उचलली तर?

शाईपेन
प्रश्न रास्त आहे. कुकीज चोरणारे प्रोग्राम असतात आणि ते नेमकी हीच फाइल उचलतात. पण उपकरण ओळखणारी कुकी एकटी खातं उघडत नाही, पासवर्ड लागतोच. ती फक्त जादाची एक पायरी वाचवते. चालू लॉगिनची कुकी जास्त घातक, ती मिळाली तर पासवर्डही लागत नाही, आणि तिच्यावरचा इलाज म्हणजे लॉगआउटचं बटण. ते दाबलं की सर्व्हर ती रद्द करतो, निदान करायला हवी. संगणक दुसरं कुणी वापरत असेल तर मी सूट देणार नाही. घरचा, एकट्याचा असेल तर देईन.

कडेकपार, तुम्हालाही एक सांगतो. निष्क्रियतेची मुदत चोराला अडवत नाही. चोर दर मिनिटाला एक विनंती पाठवत राहिला तर त्याचं सेशन संपणारच नाही. त्याच्यासाठी दुसरी मर्यादा लागते, कितीही काम चालू असलं तरी ठरावीक वेळेनंतर बाहेर काढणारी. पाचाची तीन मिनिटं केली तरी सांजवातना तेवढा जास्त त्रास, चोराला काही नाही.

कडेकपार
माझा चोर संगणक जाणणारा नाहीच मुळी. तो पुढच्या खुर्चीत बसणारा साधा माणूस आहे, आणि त्याला पाच मिनिटं अडवतात.

सांजवात
मग त्या माणसाला खात्यातली शिल्लक दिसू नये म्हणून पाच मिनिटं ठेवा. पण पैसे पाठवताना ओटीपी लागतोच ना? मग अर्धा भरलेला फॉर्म का फेकून देता? परत लॉगिन केल्यावर तो जिथे होता तिथून पुढे चालू करा.

कडेकपार
परत येणारा तोच माणूस आहे हे लॉगिनने कळलं तर ठेवायला माझी हरकत नाही. पण खाते क्रमांक सर्व्हरवर अर्धवट साठवून ठेवावा का, याबद्दल मला शंका आहे.

अबोली
झालं! 'Never remember history'च होतं. सूट दिली, लॉगिनचा पत्ता खरंच वेगळा निघाला, दोन्ही टाकले. आज सकाळी बँकेने उपकरण ओळखलं. पाच मिनिटं तशीच आहेत. आता सगळी माहिती आधी कागदावर काढून मग लॉगिन करते, फॉर्म दोन मिनिटांत होतो. सांजवात, तुमच्या बँकेला तक्रार लिहिणार असाल तर मसुदा इथे टाका, मी माझ्या बँकेलाही तोच पाठवते.