हापूसच्या पल्पचा प्रकल्प : विक्री किती घटली तर पैसे बुडू लागतात?

सागर : रत्नागिरीजवळ आंब्याच्या पल्पचे युनिट काढायचे आहे. गुंतवणूक ६० लाख, मुदत ५ वर्षे, वर्षाला विक्री ७५ हजार किलो. भाव किलोला १५० रुपये, बदलता खर्च ११० रुपये, वर्षाचा स्थिर रोख खर्च १० लाख. कर धरलेला नाही. १२ टक्के दराने एनपीव्ही, म्हणजे पुढे हाती येणारे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारी रक्कम, सुमारे १२ लाख येते. एकेक आकडा १० टक्क्यांनी हलवून पाहिला तर पुरते का, की वेगवेगळ्या परिस्थिती मांडाव्या लागतील?

वसंत : माझ्या मते पुरते. स्थिर खर्च १० लाख आणि ६० लाख पाच वर्षांवर सारखे वाटून येणारा घसारा १२ लाख, असे २२ लाख किलोमागे सुटणाऱ्या ४० रुपयांतून भरून काढायचे म्हटले, तर ५५ हजार किलोंवर ना नफा ना तोटा होतो. म्हणजे विक्री पावपट घटली तरी प्रकल्प तग धरतो. परिस्थिती मांडण्यात मात्र वाईट म्हणजे किती वाईट हे मांडणाराच ठरवतो, आणि मग हवे ते उत्तर काढता येते.

गौरी : वसंतराव, तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, पण ५५ हजारांचा आकडा धोक्याचा आहे. घसाऱ्यातून ६० लाखांची मुद्दल तेवढी परत येते, त्या पैशावरचा १२ टक्के परतावा त्यात कुठेच नसतो. तो धरला तर दर वर्षी सुमारे १६.६४ लाख हाती उरायला हवेत. त्यात स्थिर खर्चाचे १० लाख मिळवून ४० ने भागले की ६६,६०० किलो येतात. म्हणजे विक्री ११ टक्के घटली की एनपीव्ही शून्यावर येते, आणि ५५ हजारांवर तर ताळेबंदात तोटा दिसत नसला तरी मालकाचे पैसे बुडत असतात.

विक्रीपेक्षाही भाव नाजूक आहे, कारण तो साडेचार रुपयांनी, म्हणजे अवघ्या ३ टक्क्यांनी पडला तरी सगळे १२ लाख जातात. खर्चाकडून पाहिले तर एक किलो पल्पला साधारण दोन किलो आंबा लागतो, त्यामुळे कॅनिंगच्या आंब्याचा दर किलोला सव्वादोन रुपये चढला तरी परिणाम तोच होतो. मे महिन्यात हा दर किती वेगाने बदलतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

एकेक आकडा हलवताना बाकीचे स्थिर राहतात असे आपण गृहीत धरतो, पण आंबा कमी आला की फळ महागते आणि माल कमी बनतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. पल्पचा भाव त्या मानाने चढत नाही, कारण काही गिऱ्हाइके तोतापुरीच्या पल्पकडे वळतात. अशा हंगामासाठी विक्री ६० हजार किलो, खर्च ११८ आणि भाव १५४ रुपये धरला, तर पाच वर्षांची एनपीव्ही उणे १८ लाख येते.

वसंत : पाचही वर्षे आंबा बुडतो का? हापूस एक वर्ष भरघोस येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो, हे मान्य, पण सलग पाच वाईट हंगाम हे गणित प्रकल्प पाडण्यासाठीच केलेले दिसते.

गौरी : हा आक्षेप रास्त आहे, म्हणून फक्त दोनच वर्षे वाईट धरू. अशा प्रत्येक वर्षी हातात ८.४ लाख कमी येतात. ती पहिली दोन वर्षे असतील तर एनपीव्ही उणे २ लाख होते आणि शेवटची दोन असतील तर अधिक २ लाख राहते. हंगाम तेवढेच वाईट, पण ते कधी येतात यावर निकाल बदलतो, आणि ही गोष्ट एकेक आकडा हलवून कधीच दिसणार नाही.

अनंत : देवगडात आमचे लहान युनिट आहे. ब्रेक-इव्हन किलोत काढून आमचे काही भागले नाही. आंबा आणि डबे यांचे पैसे हंगामातच मोजावे लागतात, आणि माल पुढच्या हंगामापर्यंत थोडाथोडा सुटतो. सागर, ते पैसे तुमच्या ६० लाखांत आहेत का?

सागर : नाहीत. ६० लाख फक्त शेड आणि यंत्रांचे आहेत.

गौरी : मग माझा ६६,६०० चा आकडाही कमीच पडतो. समजा, खेळत्या भांडवलाचे ४० लाख सुरुवातीला गुंतले आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस जसेच्या तसे परत आले, तरी एनपीव्ही १७ लाखांनी घटते. म्हणजे चांगल्या हंगामांच्या हिशेबातही ती उणे ५ लाख होते.

वसंत : हे ४० लाख कोणी खिशातून घालत नाही, बँक कॅश क्रेडिट देते. सागरचे स्वतःचे १० लाख गुंतले तर घट सव्वाचार लाखांचीच.

गौरी : बँकेचे पैसेही प्रकल्पातच अडकतात आणि त्यांवर व्याज चढते. ते वगळायचे असतील तर हप्ते आणि व्याज वेगळे दाखवावे लागेल.

वसंत : किंवा १२ टक्क्यांचा दरच खाली आणावा लागेल. सगळ्या पैशाला मालकाच्या अपेक्षेचा दर लावणे मला पटत नाही.

अनंत : दर कोणताही लावा. कोणत्या महिन्यात किती डबे जातात, हे आधी जवळच्या दोन युनिटवाल्यांकडून लिहून घ्या.