आधी सगळी कागदं वाचायची, की बार मशीनवर चढवायचा?

कुपवाड_लेथ
नवीन गिऱ्हाईक आहे. ८० शाफ्ट, ईएन-८, बेअरिंग बसतं तिथं २५ मिलिमीटर एच७, एका टोकाला एम१६ बाय १.५चे आटे, वरून झिंक प्लेटिंग. मेलला पीओचं एक पान, दोन शीटचं ड्रॉइंग, क्यूएपी म्हणजे काय-कसं तपासायचं त्याचा तक्ता, पुरवठ्याच्या अटींची जाडजूड फाइल आणि पॅकिंगचा कागद जोडलाय. मुदत तीन आठवडे. माझा पार्टनर म्हणतो, पहिल्या शीटवर सगळं दिसतंय, दुकानात बार शिल्लक आहे, आज उचलू आणि कागद नंतर चाळू. मी म्हणतो, सगळं वाचल्याशिवाय बार आणायचा नाही. तुमच्याकडं कसं करता?

शंभरफुटी_जॉबवर्क
पार्टनरचं ऐका. ८० नगांच्या कामात मिळणार किती आणि त्यात तुम्ही वकिलासारखं कागद वाचत बसणार? अटींची फाइल प्रत्येक गिऱ्हाइकाची सारखीच असते, एकाची घेऊन दुसऱ्यानं नाव बदललेलं. मी दोनच गोष्टी बघतो. पीओवर ड्रॉइंगचा जो रिव्हिजन लिहिलाय तोच मेलमध्ये आलाय का, आणि पहिल्या शीटवरची मापं. एक नग काढायचा, गिऱ्हाइकाकडून पास करून घ्यायचा, मग बाकीचे. काय चुकलं असेल तर त्या एका नगावरच कळतं. आणि ड्रॉइंगवरची मापं म्हणजे तयार मालाची, प्लेटिंग धरून. एवढं डोक्यात असलं की झालं.

गेज_आणि_चहा
रिव्हिजन जुळवायचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. बाकी दोन्ही ठिकाणी मला अडचण दिसते.

पहिला नग पास करून घेतला की चूक तिथंच कळते, हे मापाच्या चुकीला लागू आहे. क्यूएपीत असतात त्या सगळ्या गोष्टी मापाच्या नसतात. कुपवाड_लेथ, तुमच्या क्यूएपीत अगदी वरची ओळ मटेरियलची असेल. त्या ओळीत किती नग तपासायचे, कशाशी ताडायचे आणि कुठली नोंद द्यायची याचे रकाने असतात. नोंदीच्या रकान्यात ३.१ सर्टिफिकेट लिहिलं असेल, तर पोलाद बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट लागणार आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतीचा नंबर, तुमच्या बारवर दिसला पाहिजे. दुकानदार बंडलमधून बार ओढतो आणि कापून देतो. नंबर बंडलच्या टॅगवर किंवा बारच्या एका टोकाला असतो, तो त्याच्याकडंच राहतो. तुमच्या शेडमध्ये येतो तो नुसता काळा बार. पहिला नग मापाला सोन्यासारखा निघेल, गिऱ्हाईक पासही करेल. ८० नग तयार झाले की त्यांचा क्यूसीवाला सर्टिफिकेट मागेल, आणि ते तुम्ही कुठल्याच मशीनवर बनवू शकत नाही.

म्हणून बार उचलण्याआधी निदान ती ओळ वाचा.

शंभरफुटी_जॉबवर्क
ताई, यावर तोडगा आहे की. एक तुकडा लॅबला द्यायचा, स्पेक्ट्रो करून घ्यायचा. कार्बन, मँगनीज सगळं रिपोर्टात येतं. ईएन-८ आहे म्हटल्यावर विषय संपला.

गेज_आणि_चहा
रिपोर्टातून कळतं ते त्या तुकड्याबद्दल. बाकीचे नग त्याच बारचे आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि ३.१चा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. काही गिऱ्हाइकं लॅब रिपोर्टवर सवलत देतात, पण ती लेखी, काम सुरू व्हायच्या आधी मागितली तर. माल गाडीत भरून मागितली तर ती सवलत राहत नाही, सौदा होतो.

विट्याकडचा
पुरवठ्याच्या अटींवर सही करू नका असं माझं मत. उशिराला दर आठवड्याला टक्केवारी कापतात. आमच्या चुलत्यांचं बिल असंच अर्धं अडकलंय.

कुपवाड_लेथ
भाऊ, सहीचा प्रश्न नाही, वाचून सुरू करायचं की सुरू करून वाचायचं एवढाच आहे. पण दंडाचं कलम बघून ठेवतो.

मिरज_ते_हिंजवडी
मी लेथवाला नाही, सॉफ्टवेअरवाला. आमच्या तिकिटातही ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया आणि जोडलेल्या फाइली असतात. माझा अनुभव शंभरफुटीदादांच्या बाजूनं जातो. एका बिलिंगच्या कामाला तिकिटात लिहिलं होतं की रक्कम पूर्ण रुपयात दाखवा. सोबत जोडलेल्या नमुना एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीवर पैसे होते आणि फक्त बेरीज पूर्ण रुपयात. आमच्या टीमनं दोन्ही नीट वाचलं होतं. वाचून फायदा काय? एकमेकांच्या विरुद्ध दोन गोष्टी हातात आल्या. शेवटी अर्धवट स्क्रीन करून दाखवली तेव्हा गिऱ्हाईक बोललं. कागदातून कळत नाही ते नग हातात दिल्यावर कळतं.

गेज_आणि_चहा
तुमच्याकडं स्क्रीन पुसून परत काढता येते. इथं कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. पण दोन कागद भांडतात हा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि या कामात तो नेमका प्लेटिंगवर येणार असं मला वाटतंय. कुपवाड_लेथ, शीट दोनवरच्या नोटा आणि क्यूएपीतली प्लेटिंगची ओळ इथं टाकता का?

कुपवाड_लेथ
शीट २, नोट ४: झिंक ८ ते १२ मायक्रॉन, सर्व मापे प्लेटिंगनंतरची.
आट्यांजवळ नुसतं ६जी लिहिलंय.
क्यूएपी: बेअरिंगच्या मापाची प्लेटिंगपूर्व तपासणी, होल्ड पॉइंट, गिऱ्हाइकाचा माणूस हजर.
आणि हो, मटेरियलसमोर ३.१ आहेच.

शंभरफुटी_जॉबवर्क
बघा, मी म्हटलंच होतं, प्लेटिंगनंतरची मापं. शीट २ न बघताच सांगितलं.

गेज_आणि_चहा
दादा, या गिऱ्हाइकाच्या बाबतीत तुमचा अंदाज बरोबर निघाला. पण तो नियम नव्हे. ते नोट ४मुळे ठरलं. आणि आट्यांना तोच अंदाज लावला तर घोळ होतो.

आधी सरळ व्यास घेऊ. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २४.९७९, मोकळीक २१ मायक्रॉन. प्लेटिंग दोन्ही बाजूंना चढतं, म्हणजे ८ मायक्रॉनला व्यास १६नं वाढणार आणि १२ला २४नं. जास्तीत जास्त चढलं तरी २५.०००च्या वर जायला नको, म्हणून ग्राइंडिंगला वरची हद्द २४.९७६. कमीत कमी चढलं तरी २४.९७९च्या खाली राहायला नको, म्हणून खालची २४.९६३. म्हणजे ग्राइंडरवाल्याच्या हातात २१ नाही, १३ मायक्रॉन आहेत. शीट १ बघून कुणी बरोबर मध्यावर, २४.९९वर ग्राइंडिंग केलं तर प्लेटिंगहून येताना तो शाफ्ट निदान २५.००६ होऊन येणार. बेअरिंग हातानं सरकायचं ते अडकणार. शिवाय बॅरलला टाका नाहीतर रॅकला, कडांवर आणि टोकांना झिंक जास्त बसतं, तेव्हा माप मधोमध घेऊन भागत नाही.

हे झालं तरी माल वाचतो. ॲसिडमध्ये झिंक उतरवायचं, परत ग्राइंड करायचं, परत प्लेटिंग. पैसे जातात, नग जात नाही. होल्ड पॉइंट मात्र चुकवू नका. त्यांच्या माणसानं बघायच्या आधी माल प्लेटिंगला गेला, तर मापं बरोबर असूनही ती तपासणी झाली नाही असंच धरतात.

आता आटे. आट्यांच्या उतारामुळं प्लेटिंगची जेवढी जाडी, त्याच्या चौपट पिच व्यास वाढतो. १२ मायक्रॉनला ४८. ६जीमध्ये या पिचला वरून जागा सोडलेली असते ३२ मायक्रॉन. म्हणजे ८ मायक्रॉनपर्यंत ठीक, त्यापुढं आटे वरच्या हद्दीला कापले असतील तर नट अडकणार. आणि आयएसओ ९६५ काय म्हणतं? दुसरं काही लिहिलं नसेल तर आट्यांची टॉलरन्स प्लेटिंगच्या आधीची, प्लेटिंगनंतर फक्त एच स्थितीची हद्द ओलांडायची नाही. इथं दुसरं लिहिलंय का? नोट ४ म्हणते "सर्व मापे". त्यात आटे धरायचे की नाही, हे मी ठरवू शकत नाही आणि तुम्हीही नाही.

मिरज_ते_हिंजवडी
म्हणजे वाचूनही प्रश्न उरलाच ना. हेच मी म्हणत होतो.

गेज_आणि_चहा
उरला. पण बार आणायच्या आधी उरला, टूल आणि गेज मागवायच्या आधी. आटे प्लेटिंगनंतर ६जी हवे असतील तर आधी त्यापेक्षा बारीक कापावे लागतील, त्याला वेगळा रिंग गेज लागेल, आणि तो सांगलीच्या बाजारात जाऊन उचलता येत नाही.

बुधगाव_ग्राइंडर
ग्राइंडिंगवाल्याचं पण ऐका जरा. १३ मायक्रॉनमध्ये ८० नग काढायचे म्हणजे प्रत्येक नगाला माप घ्यावं लागणार. २१वर दिलेला दर १३वर परवडत नाही. दर ठरवताना शीट १ दाखवायची आणि काम द्यायला आल्यावर नोट ४, असं लई वेळा होतंय. तर कागद नुसते मालकानं वाचून भागत नाही, ज्याला काम देताय त्याला पण दाखवा.

आणि दुसरं, एवढ्या बारीक मापावर प्लेटिंग मागतात कशाला? पुष्कळ ठिकाणी बेअरिंगची जागा झाकून ठेवतात, तिथं झिंक चढवतच नाहीत. विचारून बघा, कदाचित ड्रॉइंग काढणाऱ्यानं विचारच केला नसेल.

शंभरफुटी_जॉबवर्क
हा मुद्दा मला पटला. झाकायचं ठरलं तर वरचं अर्धं गणित गेलं. पण माझं मूळ म्हणणं सोडत नाही. तुम्ही मेल करणार, त्यांचा खरेदीवाला डिझाइनला विचारणार, डिझाइनवाला रजेवर. तीन आठवड्यांतला एक इथंच गेला, आणि दंडाचं कलम आहेच, विट्याच्या भावानं सांगितलंच. दुकानातला तो बारही तोपर्यंत दुसरा कोणीतरी उचलणार.

गेज_आणि_चहा
म्हणून सगळं अडवून धरू नका. उत्तर काहीही आलं तरी बदलणार नाही ते काम सुरू करा. सर्टिफिकेटवाला बार मिळवा, कापा, सेंटर मारा, रफ टर्निंग करून दोन्ही जागी माल राखून ठेवा. फिनिश ग्राइंडिंग आणि आटे तेवढे थांबवा. मेलमध्ये प्रश्न असे विचारा की हो-नाही एवढंच उत्तर द्यावं लागेल. आट्यांना नोट ४ लागू का, बेअरिंगची जागा झाकून चालेल का. अटींच्या फाइलमध्ये कागद भांडले तर कुठला वरचढ हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ते शोधून मेलमध्ये त्याचा कलम क्रमांक घाला. पॅकिंगचा कागद शेवटी वाचला तरी चालेल. त्यात फक्त गंजप्रतिबंधक तेल कुठलं लागतं तेवढं आत्ता बघा.

कुपवाड_लेथ
मेल गेला, दोनच प्रश्न टाकले. कलम १७ सापडलं, आधी पीओ, मग ड्रॉइंग, मग क्यूएपी, असा क्रम आहे. पण नोट आणि आटे दोन्ही ड्रॉइंगवरच असल्यामुळं त्याचा इथं उपयोग शून्य.

दुकानदाराला सर्टिफिकेट विचारलं तर म्हणाला, मागच्या लॉटचं देतो, चालवून घ्या. नको म्हटलं. दुसऱ्याकडं हीट नंबरसकट बार आहे, किलोमागं थोडा महाग. पार्टनर अजून रागात आहे, त्याच्या मते महाग बार घेऊन आम्ही कोटेशनमधलंच खातोय. त्याचंही खोटं नाही, दर देताना क्यूएपी आलेलाच नव्हता, पीओबरोबर आला. आता वाढीव दर मागायचा का, यावर घरात वाद चालू आहे.

शंभरफुटी_जॉबवर्क
मागा. पण पहिल्याच ऑर्डरला मागितलात तर दुसरी येईल का, ते मी सांगत नाही.