मदत हवी आहे: सगळे कानिफनाथ, मामाच्या रसवंतीच्या बोर्डावर काय लिहू?

मामाची रसवंती आहे सासवड-जेजुरी रोडला. त्या पट्ट्यात रांगेने रसवंत्या आहेत आणि निम्म्यांचं नाव कानिफनाथ, उरलेल्यांचं नवनाथ. बोर्डही सगळ्यांचे एकाच दुकानातले, मागे उसाचा फोटो, बाजूला ग्लास, मधे "उसाचा ताजा व थंडगार रस मिळेल". मामा म्हणतो नाव बदलायचं नाही, देवाचं आहे. मग नावाखाली अशी काय ओळ टाकू की जेजुरीला जाणारा माणूस आमच्याकडेच थांबेल? दोनचार ओळी सुचवा ना, यमकवाली असेल तर अजून भारी.

पुरंदरचा पाव्हणा: नाव बदलूच नका. कानिफनाथांचं देऊळ बोपगावला, आपल्याच तालुक्यात. इकडचीच माणसं गावोगाव रसवंत्या टाकून बसली म्हणून सगळीकडे तेच नाव दिसतं. ओळ घ्या: "एकदा प्याल तर पुन्हा पुन्हा याल".

फ्लेक्स_डिझायनर: ही ओळ मी वडापाव, चहा, सलून सगळ्यांना छापून दिलीय 😄 आधी गाडीचा वेग बघा मग ओळ. 60 च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण 55 फूट जाते. माणसाने वाचायचं, बायकोला विचारायचं, आरसा बघून गाडी बाजूला घ्यायची, ह्याला पाच सेकंद तरी लागतात. म्हणजे दुकानावरचा बोर्ड वाचून कुणी थांबत नसतं, तोवर तो पुढच्या कानिफनाथाकडे पोचलेला असतो. एक छोटा बोर्ड 300 फूट आधी पाहिजे, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून. दहा इंची अक्षर शंभरेक फुटांवरून आरामात वाचता येतं, म्हणजे वाचायला जेमतेम दोन सेकंद. त्यात तीनचार शब्द बसतात. यमक विसरा.

स्वप्नील_७७: लाल अक्षरं पिवळ्यावर टाका, लांबून उठून दिसतं. आणि "कावीळवर गुणकारी" लिहाच, लोक त्यासाठीच पितात.

फ्लेक्स_डिझायनर: पिवळं बरोबर, लाल नको. उन्हात लाल आधी उडतो, मे पर्यंत गुलाबी होतो. काळं टाका. मागचा उसाचा फोटो काढून टाका, त्यात अक्षरं हरवतात. आणि वेलांटी उकाराला वरखाली जागा सोडायला सांगा, नाहीतर दुकानवाला ओळी चिकटवून देतो. कावीळ वगैरे अजिबात नको, खाण्यापिण्याच्या वस्तूवर रोग बरा होतो असं लिहिणं नियमात बसत नाही.

माधुरी_काकू: आमचा रस अर्ध्या तासात काळा पडतो, लिंबू जास्त टाकलं की टिकतो का?

धागाकर्ता: काकू आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की मगच ऊस चरकात घालतात, राहतच नाही. मी बोर्डाचं विचारतोय 🙏

माधुरी_काकू: बरं. मग माझं ऐका, मी रसवंतीवर थांबत नाही ते बर्फामुळे. कुठल्या पाण्याचा, कुठे ठेवलेला, देव जाणे. नको म्हणेपर्यंत ग्लासात पडलेला असतो. ताजा आणि थंडगार तर सगळेच लिहितात, त्याने माझी शंका जात नाही.

फ्लेक्स_डिझायनर: काकूंनी ओळ दिली की! "बर्फ विचारून टाकतो". तीन शब्द, आणि शेजारच्यांपैकी कुणी लिहिलेलं नाही. पण मामा खरंच विचारतो का? नसेल तर आधी सवय लावा, मग छापा. धागाकर्ते, जागेचं काय? झाड, पार्किंग?

धागाकर्ता: चिंचेचं मोठं झाड आहे, खाली पाचसहा गाड्या लागतात. शेजारच्यांकडे पत्र्याचं शेड, तापतं नुसतं. मामा बर्फाचं विचारतो, पण गर्दीत पोरगा डायरेक्ट टाकतो, त्याला सांगावं लागेल.

फ्लेक्स_डिझायनर: मग 300 फूट आधी "पुढे चिंचेखाली रस". बाकी काही नाही, ना नाव ना फोन नंबर. झाड लांबून दिसतं, त्यामुळे ड्रायव्हरला कुठे वळायचं ते आपोआप कळतं. बर्फाची ओळ दुकानाच्या बोर्डावर, नावाखाली, उतरल्यावर ग्लास हातात घ्यायच्या आधी वाचायला.

पुरंदरचा पाव्हणा: उलटं करा. बर्फाचं आधी कळलं तरच काकूंसारखी माणसं थांबतील. सावली काय डोळ्यांनी दिसतेच.

फ्लेक्स_डिझायनर: एप्रिलच्या दुपारी बाराला उपाशी देवदर्शनाला निघालेला सावली आधी बघतो हो. पण तुमचंही चूक नाही म्हणता येत. फ्लेक्स स्क्वेअर फुटावर मिळतो, छोटे दोन्ही छापा, आठवडाभर एक, मग दुसरा, मामाला संध्याकाळी ग्लास मोजायला सांगा. रविवार आणि सोमवती अमावस्या धरू नका, तेव्हा कुणाचंही चालतं.

स्वप्नील_७७: पण 300 फूट आधी म्हणजे शेजाऱ्याच्या दारात येणार बोर्ड. तो लावू देईल?

धागाकर्ता: तेच टेन्शन आहे. तिथे चुलतमामाची रसवंती आहे आणि सध्या बोलणं बंद आहे. रस्त्याच्या हद्दीत लावला तर उचलून नेतात. जेजुरीकडून परत येणाऱ्यांच्या बाजूला मात्र ओळखीच्याचं शेत आहे, बांधावर लावू देईल तो. तिकडून येणाऱ्याला रस्ता ओलांडून यावं लागतं पण. त्यासाठी कुणी थांबतं का?