मदत हवी आहे: ऑफिसच्या पॅसेजमध्ये तोच माणूस चौथ्यांदा समोर आला की काय बोलायचं?

हिंजवडीला ऑफिस आहे, आमचा पॅसेज चांगलाच लांब आहे आणि पाणी, वॉशरूम, मीटिंग रूम सगळं त्याच्याच दोन टोकांना, त्यामुळे तीच माणसं दिवसभर समोर येत राहतात. सकाळी गुड मॉर्निंग होतं, नंतर "जेवण झालं का?" होतं, पण चार वाजता परत दिसले की काय बोलायचं ते खरंच सुचत नाही. बाजूच्या टीममधले एक सीनियर सर आहेत, ते लांबूनच दिसतात, मग एवढ्या लांबून हसलं तर जवळ येईपर्यंत हसू टिकवायचं कसं, आणि मोबाईलमध्ये बघत गेलं तर त्यांना वाटणार हिला ओळख दाखवायची नाहीये.

सध्या मी दोन-तीन पावलांवर आल्यावरच वर बघते, नुसती मान हलवते आणि चालत राहते, बरोबरीच्यांना भुवया उडवल्या तरी पुरतं. थांबून "काय चाललंय" विचारलं की समोरचाही अडकतो, हातात लॅपटॉप घेऊन मीटिंगला पळत असतो बिचारा. पण सरांना फक्त मान हलवणं उद्धट वाटेल का? परत "नमस्कार सर" म्हणायचं का? तुम्ही काय करता, प्लीज सांगा.